पाच तारखेचे पैसे

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्षभर तेच ते कागद असतात. टाकी धुणार म्हणून पाणी बंद, काम निघालं म्हणून लिफ्ट बंद, आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी. गेल्या महिन्यात त्यांच्या शेजारी एक वेगळा कागद लागला, आणि दोन दिवस माणसं थांबून थांबून तो वाचत होती. मजकूर असा होता:

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दरमहा ठरावीक परतावा देण्याचे आश्वासन देऊन काही व्यक्ती सोसायटीच्या आवारात रकमा गोळा करीत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. अशा कोणत्याही योजनेशी सोसायटीचा संबंध नाही. सोसायटीचे कार्यालय, सभागृह व व्हॉट्सॲप ग्रुप यांचा वापर अशा योजनांच्या प्रचारासाठी करता येणार नाही. रक्कम देण्यापूर्वी संबंधितांकडे ठेवी स्वीकारण्याची परवानगी आहे काय, याची सभासदांनी स्वतः खातरजमा करावी.’

मसुदा माझा. समितीच्या दोन बैठका त्यावर गेल्या, आणि इतका गुळमुळीत मजकूर लिहूनही कागद लागला त्या रात्री मला फोन आला. बी विंगमधले निवृत्त गृहस्थ होते. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब गेली कित्येक वर्षं तेच लिहितात आणि त्यात कधी दहा रुपयांची चूक निघाली नाही. म्हणाले, “तुम्हा लोकांना नेमका त्रास कशाचा होतोय? पाच तारखेला पैसे येतायत ना प्रत्येकाचे? एकदा तरी चुकलेत का?”

चुकले नव्हते, हे खरं होतं. महिन्याच्या पाच तारखेला लिफ्टमध्ये लोक एकमेकांना “आले का?” विचारायचे आणि उत्तर “आले” असंच असायचं. शेअर बाजारात ट्रेडिंग करणारा एक तरुण होता. तो लाखाला महिना चार हजार द्यायचा. मुद्दल सुरक्षित, अकरा महिन्यांनी हवं तर परत, नको असेल तर करार पुढे चालू. काका स्वतः त्यात होते, आणि त्यांच्या शब्दावर आणखी पंधराएक घरं होती.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. ते कागद-पेन घेऊन बसल्यावरच कळतं.

समजा, पहिल्या महिन्यात दहा जणांनी प्रत्येकी दोन लाख दिले. जमा झाले 20 लाख. चार टक्क्यांनी प्रत्येकाला महिन्याला आठ हजार, म्हणजे सगळ्यांचे मिळून 80 हजार द्यायचे. आता असं धरा की त्या तरुणाने एक रुपयाचंही ट्रेडिंग केलं नाही. पैसे कपाटात ठेवले आणि दर पाच तारखेला त्यातूनच 80 हजार काढून वाटले. हे किती दिवस चालेल? 20 लाखांना 80 हजारांनी भागा. पंचवीस महिने. दोन वर्षं आणि वर एक महिना तो काहीही न कमावता एकाही तारखेला न चुकता पैसे देऊ शकतो. त्या काळात प्रत्येकाच्या हातात 25 गुणिले आठ हजार, म्हणजे दोन लाख येतात, आणि ते दोन लाख त्याचेच असतात.

चार टक्के असा दर ठेवण्यातली खुबी इथे आहे. दर जितका कमी, तितकी वाटपाची मुदत लांब. दोन टक्के महिना म्हटलं तर नुसत्या मुद्दलातून पन्नास महिने वाटता येतं. दहा टक्क्यांचं आमिष दाखवणारा दहा महिन्यांत उघडा पडतो. म्हणून सोसायटीत, नात्यात, ऑफिसात चालणाऱ्या योजना फार मोठा आकडा सांगत नाहीत. बँकेपेक्षा भरपूर जास्त, पण हसू येणार नाही इतकाच.

जानेवारी 2025 मध्ये दादरमध्ये ‘टोरेस’च्या दुकानासमोर जी गर्दी झाली, ती याच्या उलट टोकाची गोष्ट होती. तिथे मोइसॅनाइटचे खडे विकून त्यावर दर आठवड्याला परतावा देण्याचं आश्वासन होतं. आठवड्याचा हिशोब असल्यामुळे सगळा खेळ साधारण वर्षभरातच आटोपला. महिन्याच्या हिशोबाने चालणारी योजना तेवढ्या काळात नुकती बाळसं धरत असते.

आता कपाटातून वाटण्याचं उदाहरण थोडं पुढे नेऊ. प्रत्यक्षात लोक थांबत नाहीत. एकाला पैसे आले की दुसरा येतो. धरा की दर महिन्याला नवे दहा जण प्रत्येकी दोन लाख घेऊन येतात. म्हणजे महिन्याला 20 लाख येणार. वाटप मात्र दर महिन्याला 80 हजारांनी वाढत जातं: आधी 80 हजार, मग एक लाख 60 हजार, मग दोन लाख 40 हजार. सव्विसाव्या महिन्यात ते बरोबर 20 लाख होतं. आले तेवढे गेले. तोवर 260 माणसांनी पाच कोटी वीस लाख रुपये दिलेले असतात आणि त्यातले दोन कोटी साठ लाख वाटून झालेले असतात. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी “सव्वादोन वर्षं झाली, एकदाही चुकला नाही” असं असतं, त्या दिवशी लोकांच्या मुद्दलातले निम्मे पैसे शिल्लकच नसतात. उरलेले निम्मेही त्याने गाडी, ऑफिसचं भाडं, मध्यस्थांचं कमिशन यांना हात लावला नसेल तरच. आणि आपल्या उदाहरणात एवढ्या काळात एकानेही मुद्दल परत मागितलेलं नाही! मुलीचं लग्न, अँजिओप्लास्टी, गावच्या घराचं छप्पर, असं काहीही निघालं की हा हिशोब सव्विसाव्या महिन्याच्या बराच आधी गडगडतो.

शिवाय आमच्या सोसायटीत फ्लॅट आहेत 112. महिन्याला दहा माणसं म्हटली तर अकराव्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक घर आत असेल आणि बाराव्यात नवा माणूसच उरणार नाही. म्हणून मग “तुमच्या गावाकडे कोणी असेल तर सांगा, काका” सुरू होतं. साताऱ्याचा मेहुणा, नाशिकची मावसबहीण. त्यांनी त्या तरुणाला पाहिलेलंही नसतं. त्यांनी काकांना पाहिलेलं असतं.

“पण तो कपाटातून वाटत नाही, खरंच ट्रेडिंग करतो,” असं काका म्हणाले. मोबाइलवर नफ्याचा हिरवा आकडाही त्यांनी पाहिला होता. शक्य आहे. पण सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडरांचा तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 93 टक्के लोक तोट्यात निघाले. उरलेल्या सात टक्क्यांतला हा एक आहे असंही मानू. तरी बाजारातली कमाई एका महिन्यात वर, दुसऱ्या महिन्यात खाली अशीच असते. ती दर पाच तारखेला चार टक्के, ना एक पैसा जास्त ना एक पैसा कमी, अशी येत नाही. आकडा मोठा असण्यापेक्षा तो न हलणं जास्त संशयास्पद आहे, असं मला वाटतं. म्हणूनच सेबीकडे नोंदलेल्या पोर्टफोलिओ मॅनेजरला खात्रीशीर परताव्याचं वचन देताच येत नाही. तिथे किमान गुंतवणूकही 50 लाखांची लागते. दोन-दोन लाख घेऊन कुणाचा पोर्टफोलिओ सांभाळणारा माणूस नियमाने अस्तित्वातच असू शकत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. महिना चार टक्के म्हणजे वर्षाला 48 टक्के. एवढं देऊनही ज्याला परवडतं, तो त्याहून जास्त कमावत असणार. मग तो पैसे आपल्याकडून का घेतो? बायकोचे दागिने घेऊन सोनेतारण कर्ज काढलं तर महिन्याला एक टक्क्याच्या आसपास व्याज पडतं. घर गहाण ठेवलं तर त्याहूनही कमी. एक टक्क्याने पैसे मिळत असताना चार टक्के मोजून निवृत्त माणसांच्या ग्रॅच्युइटीमागे लागणारा माणूस एक तर फार दानशूर असला पाहिजे, नाहीतर बँकेने त्याला दारातूनच परत पाठवलेलं असलं पाहिजे. हा प्रश्न काकांनी त्याला विचारला नव्हता. खरं सांगायचं तर तो विचारायला अवघड आहे, कारण तो माणूस घरी येतो, पाया पडतो, दिवाळीला मिठाई आणतो.

कागदपत्रं मात्र व्यवस्थित होती. किंबहुना जरा जास्तच व्यवस्थित. 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, वर मथळा ‘हातउसने रकमेचा करारनामा’. सोबत पुढच्या तारखेचे चेक. उद्यम नोंदणी आणि गुमास्ता लायसन्सची झेरॉक्स. यातला गुमास्ता म्हणजे दुकान-ऑफिस चालवण्याची नोंद, उद्यम म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंद. वडापावच्या गाडीवाल्याकडेही दोन्ही असू शकतात. लोकांकडून ठेवी घेण्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. पॅन कार्ड, जीएसटी क्रमांक, शेअर बाजाराची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र, यांचंही तेच.

‘हातउसने’ हा शब्द तिथे कायद्याला वळसा घालण्यासाठी येतो. पण 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने ठेवीची व्याख्याच अशी केली आहे की परत करण्याच्या वचनावर घेतलेली रक्कम, मग तिला कर्ज म्हणा, अ‍ॅडव्हान्स म्हणा की आणखी काही, ठेवच ठरते. नातेवाइकांकडून घेतलेलं कर्ज किंवा नेहमीच्या धंद्यातली उधारी यांना सूट आहे; पंधरा घरांकडून छापील करारावर गोळा केलेल्या पैशांना ‘मैत्रीतले उसने’ म्हणणं तिथे टिकणं कठीण. परवानगीशिवाय अशी योजना चालवून ठेवी घेतल्या, तर पैसे वेळेवर परत देत असला तरी तो गुन्हा आहे. शिक्षा दोन ते सात वर्षांची आहे. म्हणजे “अजून कुठे बुडवलेत?” हा बचाव या कायद्यापुढे चालत नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, पोलिसांच्या भाषेत ‘एमपीआयडी’, हा बुडवल्यानंतर कामाला येतो. त्यात मालमत्ता जप्त करून ती विकून ठेवीदारांना पैसे देण्याची सोय आहे. जप्त करायला काहीतरी उरलेलं असलं पाहिजे, एवढीच अडचण.

चेकबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण अनेकांचा सगळा भरवसा त्यावर असतो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. ही शेवटची मुदत चुकली तर कोर्टात उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं आणि तिथेच बरेच दावे अडखळतात. योजना डळमळायला लागली की पहिला फोन याच संदर्भात येतो: “काका, चेक या महिन्यात टाकू नका, खात्याचं जरा काम चाललंय, मी नवीन चेक देतो.” माणूस सौजन्याने थांबतो, जुना चेक परत देतो, आणि कायद्याने दिलेली मुदत आपल्या हाताने सोडून देतो.

बाकीची लक्षणंही साधारण ठरलेली असतात. पाच तारखेचे पैसे दहाला येतात, मग पंधराला. खात्यात येणारे पैसे रोख यायला लागतात. “या महिन्याचं व्याज उचलू नका, त्यावर पाच टक्के देतो” अशी खास ऑफर येते. दर वाढवून मिळणं ही त्यातली सगळ्यात वाईट बातमी, कारण पैसे बाहेर जाऊ नयेत यासाठी धडपड सुरू झाल्याची ती खूण असते. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं: “पोलिसात गेलात तर खातं गोठेल आणि कुणालाच काही मिळणार नाही.” खातं गोठणं हेच उरलेल्या पैशांसाठी बरं असतं. त्या वाक्यानंतर जाणाऱ्या प्रत्येक आठवड्यात तेच पैसे दुसरीकडे जात असतात.

नोटिशीचा कच्चा मसुदा वाचून दाखवला तेव्हा समितीतल्या एका वहिनींनी विचारलं, “मग आमच्या भिशीचं काय? तीही बंद करायची?” प्रश्न रास्त होता. भिशीत वीस जणी महिन्याला पाच हजार टाकतात, दर महिन्याला एकीला एक लाख मिळतात, वीस महिन्यांत प्रत्येकीने लाख भरलेले आणि लाख घेतलेले. आत आलेले पैसे आणि बाहेर गेलेले पैसे जुळतात. बाहेरून नफा आणण्याचं कोणी वचन दिलेलं नसतं. भिशी लिलावाची असली तरी एकीला मिळालेला फायदा दुसरीने कमी रकमेवर समाधान मानल्यामुळे आलेला असतो, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. तिथला धोका वेगळा: पहिली भिशी उचलून पुढे हप्ते थांबवणारी बाई, किंवा पैसे सांभाळणारीच गायब होणं. त्यासाठी नोटीस लावण्याची गरज समितीला वाटली नाही. पण भिशीच्या त्याच ग्रुपवर कुणी “भिशीचे पैसे माझ्या भाच्याकडे लावा, महिन्याला तीन टक्के देतो” असं म्हणालं की ती भिशी राहत नाही.

नोटिशीत त्या तरुणाचं नाव घालायचं की नाही, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. मी घालावं या मताचा होतो. आमचे एक सभासद वकील आहेत. त्यांनी मला गप्प केलं. गुन्हा नोंदवला गेलेला नाही, सोसायटीकडे पुरावा नाही, उद्या अब्रुनुकसानीचा दावा आला तर सचिव म्हणून मीच उभा राहणार. शिवाय सभासदाने स्वतःचे पैसे कुठे ठेवावेत हे ठरवण्याचा सोसायटीला अधिकारही नाही. सोसायटी आपली जागा आणि आपलं नाव वापरू देणार नाही, एवढंच तिच्या हातात आहे. ते मात्र महत्त्वाचं आहे. क्लब हाउसमध्ये चहा-समोशांसह झालेल्या ‘माहिती सत्रा’त समितीचा अध्यक्ष पहिल्या रांगेत बसलेला दिसला की लोकांच्या मनात सोसायटीची संमती झालेली असते. सिंकिंग फंडाचे पैसे ‘तात्पुरते’ तिकडे फिरवू, अशी कुजबुजही आमच्याकडे झाली होती. ते पैसे कुठे गुंतवायचे हे सहकार कायद्याने ठरवून दिलेलं आहे. तसं केलं तर समिती सदस्यांच्या खिशातून वसुली होऊ शकते.

काकांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन भेटलो. वर केलेला हिशोब वहीच्या पानावर मांडून दाखवला. ते गणपतीचा हिशोब लिहिणारे. त्यांना पटायला वेळ लागला नाही. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, आणि तिने मी जरा हललो. “मी पंधरा घरांना नेलं. मला त्यात दोन टक्के मिळाले, एकदाच. माझं काय?” उत्तर सुखाचं नव्हतं. खोटी किंवा दिशाभूल करणारी खात्री देऊन दुसऱ्याला अशा योजनेत ओढणं हाही त्या 2019 च्या कायद्याखाली गुन्हा आहे. माहीत असून केलं का, हा प्रश्न पुढे कोर्टात. कमिशनची नोंद मात्र बँकेच्या पासबुकात असते.

त्यांना मी एवढंच सुचवलं की आजपासून नवीन माणूस आणू नका, आणि स्वतःचं मुद्दल लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. करार, बँकेतून गेलेल्या पैशांच्या नोंदी, सगळे मेसेज जपून ठेवा. परत मिळालं तर उत्तम. टाळाटाळ झाली तर पोलीस ठाणं आहे, आणि रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं पोर्टल, sachet.rbi.org.in, तिथे बेकायदा ठेवींची तक्रार नोंदवता येते. अडचण एका रकमेची होती: मेहुण्याने साताऱ्याहून रोख आणून दिलेले दीड लाख. त्याचा कागद कुठेच नव्हता. 20 हजार किंवा त्याहून जास्त रकमेची ठेव वा कर्ज रोखीत घ्यायला प्राप्तिकर कायदा मनाई करतो, पण ती मनाई मोडणाऱ्याने पावती दिली नाही तर देणाऱ्याच्या हातात काय राहतं?

नोटीस अजून बोर्डावर आहे. परवा कुणीतरी तिच्या खाली बॉलपेनने लिहिलं: ‘मग पैसे ठेवायचे कुठे, तेही सांगा.’ अक्षर ओळखीचं वाटलं. मी खाली उत्तर लिहिलं नाही, पण काकांच्या घरी गेलो तेव्हा आकडे सोबत नेले. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर एप्रिल 2023 पासून 7.4 टक्के झाला, एकट्याच्या नावावर नऊ लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि नऊ लाखांवर त्या दराने महिन्याला 5,550 रुपये मिळतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के, तीन महिन्यांनी एकदा, मर्यादा 30 लाखांची.

काकांनी 5,550 ला आठ हजारांशी ताडून पाहिलं. “दोन लाखांवर आठ हजार यायचे,” ते म्हणाले. “नऊ लाखांवर साडेपाच.” मग वहीचं ते पान उलटून त्यांनी सव्विसाव्या महिन्याचा हिशोब पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने केला.